काळी चारवरून काळी तीनवर

समजा, वालूरच्या महिला भजनी मंडळात एक काकू आहेत. वय ५१, पाळी थांबून दोन वर्षं झालेली. आजवर पेटीवाला त्यांच्यासाठी डोळे झाकून काळी चार धरायचा. यंदा मात्र अंतऱ्यात वर जाताना आवाज फाटतो आणि काळी तीन धरली की निभतं. दोन अभंगांनंतर घसा कोरडा पडतो. फोनवर अनोळखी माणूस त्यांना ‘साहेब’ म्हणून मोकळा होतो. घरचे म्हणतात, सर्दी मुरली असेल.

काळी चारवरून काळी तीन म्हणजे पेटीवर दोन पट्ट्या खाली. कंपनांत मोजायचं तर सेकंदाला सुमारे २०८ वरून १८५. बायकांचा बोलण्याचा स्वरही साधारण याच टापूत असतो आणि पाळी गेल्यावर तो थोडा खाली येणं नेहमीचं आहे.

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा आपटतात. एवढी घासाघीस सोसायला त्यांच्यावर मऊ, ओलसर अस्तर असतं आणि वरच्या बाजूच्या बारीक ग्रंथी त्यावर पातळ स्राव सोडत राहतात. हे अस्तर आणि या ग्रंथी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतात. पाळी थांबताना इस्ट्रोजेन झपाट्याने घटतं, स्राव कमी आणि चिकट होतो. म्हणून सारखं खाकरावंसं वाटतं, आणि खाकरण्याने तंतू आणखी सुजतात. दुसरीकडे शरीरातली पुरुषी संप्रेरकं त्या मानाने बरीच टिकून राहतात. त्यांचं पारडं जड झालं की तंतूंची ठेवण बदलते आणि स्वर उतरतो.

पिशवी काढताना बीजकोशही काढले असतील, तर हाच बदल कमी वयात आणि एकदम येतो. मराठवाड्यात तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत, म्हणून आपले बीजकोश ठेवले की काढले, हे जुन्या कागदांत पाहून ठेवावं.

कोरडेपणावर उपाय साधे आहेत, पण ते कसे चालतात हे कळलं पाहिजे. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना शिवतही नाही. ते अन्ननलिकेतून जातं आणि रक्तावाटे स्रावापर्यंत पोचतं. त्यामुळे गाण्याच्या तोंडावर ढसाढसा पिऊन उपयोग नाही, दिवसभर थोडं थोडं प्यावं लागतं. वाफ मात्र थेट तंतूंवर पोचते. लवंग-ज्येष्ठमधाने तोंडाला पाणी सुटतं, बरं वाटतं, एवढंच. आणि पट्टी उतरवण्यात कमीपणा कसला? ओढून काळी चार गाणाऱ्या गळ्याला गाठी येण्याचा धोका असतो. केवळ आवाजासाठी संप्रेरकांच्या गोळ्या मात्र कुणी सुरू करत नाही. तो निर्णय बाकीचा त्रास पाहून स्त्रीरोगतज्ज्ञाने घ्यायचा.

आता खरा प्रश्न: हे वयाचंच आहे, हे कशावरून? वयाचा बदल महिनोन्‌महिने सावकाश होतो. स्वर उतरतो, वरचे सूर जातात, गळा लवकर दमतो, पण विश्रांतीनंतर आवाज बऱ्यापैकी स्वच्छ निघतो. सतत घोगरा, खरखरीत राहणारा आवाज वेगळा. तो चार आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यावं. गिळताना अडकणं, थुंकीतून रक्त, मानेत गाठ, एकाच कानात ठणका, श्वासाला घरघर, विनाकारण वजन घटणं, यांतलं काही असेल तर चार आठवडेसुद्धा थांबू नये. थायरॉइडच्या किंवा मानेच्या ऑपरेशननंतर आवाज बसला असेल तरीही नाही.

आणखी दोन गोष्टी वयाच्या नावावर खपून जातात. जड आवाजासोबत थंडी वाजणं, सुस्ती, बद्धकोष्ठता आणि वाढतं वजन असेल, तर थायरॉइडची रक्ततपासणी करावी. आवाज काही महिन्यांतच पुरुषी झाला, हनुवटीवर दाट केस आले, कपाळावरचे गळू लागले, तर पुरुषी संप्रेरक कुठून वाढलं हे शोधावंच लागतं. क्वचित बीजकोशातली किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ त्यामागे असते.

आपल्या काकूंचा आवाज दोन महिने घोगराच राहिला, म्हणून त्या परभणीला गेल्या, असं धरू. तपासणीला ॲडमिट व्हावं लागत नाही. नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक दुर्बीण स्वरयंत्राच्या वरपर्यंत नेतात आणि ‘ई’ म्हणायला लावतात. काही मिनिटांचं काम. तंतू पांढरेशुभ्र आहेत का, दोन्ही हलतात का, मध्ये फट राहते का, गाठ किंवा चट्टा आहे का, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे दिसतं. नुसती बारीक फट दिसली आणि बाकी सगळं ठीक असलं, तर आवाजाचे व्यायाम शिकवतात. चट्टा दिसला, तर तुकडा तपासायला पाठवतात.

तंबाखूने घशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. मिशरी लावत असाल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आधीच सांगा.