रजेचा अर्ज आला, पण कागद अपुरे

साठेक कामगारांचा एक कारखाना आहे असं समजा. सोमवारी सकाळी मशीन ऑपरेटरचा मोबाइलवर निरोप येतो: 'ताप आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे.' सोबत चिठ्ठीचा फोटो. चिठ्ठीवर तीन औषधं आणि खाली सही आहे. विश्रांती किती दिवस, ते कुठेच नाही.

अशा वेळी ऑफिसातून बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर 'सर्टिफिकेट नाही, रजा नामंजूर' असं कळवलं जातं, नाही तर कोणी काहीच कळवत नाही. पहिल्यात खरोखर आजारी असलेला माणूस एका ओळीत विनापरवाना गैरहजर ठरतो. दुसऱ्यात तो रजा मिळाली असं धरून चालतो आणि पगार कापला गेल्यावर भांडण उभं राहतं.

यातून सुटायचं तर दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. माणूस आज कामावर का नाही, हा पहिला. त्याचं उत्तर त्याच दिवशी द्यायचं. हे दिवस कोणत्या रजेत धरायचे, हा दुसरा. तो कागद येईपर्यंत थांबू शकतो.

आता तो फोटो नीट पाहू. ती औषधाची चिठ्ठी आहे, वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या 2002 च्या नियमांनुसार प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, रुग्णाची ओळखखूण हवी आणि डॉक्टरांनी त्याची प्रत स्वतःकडे ठेवायला हवी. मालकाच्या दृष्टीने त्याशिवाय एकच गोष्ट महत्त्वाची: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हा माणूस काम करू शकत नाही. म्हणून 'योग्य कागद द्या' असं मोघम न लिहिता नेमकं काय कमी आहे ते सांगावं. उत्तर साधारण असं असावं:

'आपला निरोप आणि चिठ्ठी मिळाली. आजपासूनची गैरहजेरी आजारपणाची म्हणून तात्पुरती नोंदवली आहे. चिठ्ठीत विश्रांतीच्या तारखा आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. हे दोन्ही असलेलं प्रमाणपत्र पुढच्या सोमवारपर्यंत द्यावं. तोपर्यंत शक्य नसेल तर तसं कळवावं. कामावर परतताना फिट सर्टिफिकेट आणावं.'

या पत्रात आजाराचं नाव विचारलेलं नाही, रक्ताचे रिपोर्टही मागितलेले नाहीत. रजा ठरवायला त्यांची गरज नसते, आणि ते ऑफिसात फिरले तर माणसाची बदनामी होते. सही खरी वाटत नसेल, तर कामगाराला सांगून डॉक्टरांना एवढंच विचारावं: हे प्रमाणपत्र तुम्ही दिलं का? त्यापलीकडची माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय डॉक्टर देऊ शकत नाहीत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1972 च्या रजा नियमांत तर शंका आल्यास सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं दुसरं मत घेण्याची रीतसर सोय आहे, आणि ते लवकरात लवकर घ्यावं अशी अपेक्षा आहे. माणूस बरा झाल्यावर तपासणीत काही निष्पन्न होत नाही.

कामगाराच्या पगारातून ईएसआय कापली जात असेल, तर त्याला ईएसआय दवाखान्याचं किंवा त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्यायला पहिल्याच दिवशी सांगावं. आजारपणातला भत्ता महामंडळ देतं आणि त्यासाठी हाच कागद लागतो. खासगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आठवडा गेला, तर नुकसान कामगाराचंच होतं.

मुदत उलटली आणि कागद आलाच नाही तर? मग फोन करून कारण विचारावं आणि पुन्हा एकदा लेखी कळवावं. तरीही काही आलं नाही, तर ते दिवस शिल्लक पीएलमध्ये धरावेत. शिल्लक नसेल तर बिनपगारी. हा झाला रजेचा हिशेब. शिक्षा ही वेगळी बाब आहे. कृष्णकांत परमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं की विनापरवाना गैरहजेरी दरवेळी जाणूनबुजून केलेली नसते. आजार, अपघात, दवाखान्यात भरती अशा नाइलाजाच्या कारणांनीही माणूस येऊ शकत नाही. त्यामुळे गैरहजेरी जाणूनबुजून होती हे चौकशीत सिद्ध झाल्याशिवाय तिला कर्तव्यच्युती म्हणता येत नाही. कागद अपुरा असणं हा तसा पुरावा नाही. खोटं प्रमाणपत्र देणं मात्र गैरवर्तन आहे, आणि त्याचीही कारणे दाखवा नोटीस देऊन चौकशीच करावी लागते.

आपला ऑपरेटर शनिवारपर्यंत घरी राहिला असं धरू. पुढच्या सोमवारी तो प्रमाणपत्र आणतो. त्यावर सोमवार ते गुरुवार विश्रांती लिहिलेली आहे. हे चार दिवस आजारपणाच्या रजेत जातील. शुक्रवार-शनिवारबद्दल त्याला विचारावं. अशक्तपणा होता म्हणाला आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर तेही आजारपणातच धरावेत. नाही दिलं, तर दोन दिवस पीएलमधून वळते करावेत. दोन दिवसांचा कागद नाही म्हणून सहाही दिवसांची रजा नाकारणं चूक, आणि चार दिवसांचा कागद आहे म्हणून सहा दिवस आजारपणाचे मांडणंही चूक. जेवढ्या दिवसांचा आधार आहे तेवढेच मान्य करावेत, आणि उरलेल्या दिवसांचं काय केलं ते कामगाराला पगाराच्या आधी लेखी कळवावं.