नोटीसच्या महिन्यात रजा मागायची असेल तर

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता एमआयडीसीत कामाला जातात. कुणी मसाल्याच्या पॅकिंगला, कुणी शिवणाच्या युनिटला, तर कुणी औषधाच्या कारखान्यात. काम सोडताना आधी राजीनामा द्यायचा आणि नोटीसचा महिना भरायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच महिन्यात घरात लग्न निघालं, पेरणी आली किंवा मूल आजारी पडलं तर रजा मिळते का, हा प्रश्न वारंवार येतो. आज तेवढंच बोलू.

आपण एका ताईचं उदाहरण घेऊ. ताई पॅकिंग विभागात आहे. पगार महिना 15,600 रुपये, कामाचे दिवस 26, म्हणजे रोजचे 600 रुपये झाले. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिली आहे. तिने 1 जूनला राजीनामा दिला, म्हणजे शेवटचा दिवस 30 जून. नव्या ठिकाणी 1 जुलैला हजर व्हायचं आहे. तिच्या खात्यावर 14 दिवसांची पगारी रजा शिल्लक आहे. कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने ती जमते. आता भाचीच्या लग्नासाठी तिला जूनच्या मध्यात कामाचे सहा दिवस सुट्टी हवी आहे.

ताईला वाटतं, रजा माझी, कमावलेली, मग देतीलच. खरं आहे, रजा कमावलेलीच असते. पण कोणत्या तारखांना घ्यायची, यात मालकाचंही चालतं. नोटीसचा महिना तो कशासाठी ठेवतो? तुमच्या जागी बाई शोधायला आणि तुमचं काम तिला शिकवायला. म्हणून बहुतेक कंपन्या या महिन्यात पगारी रजा सहसा देत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी ते नियमपुस्तिकेत लिहिलेलंच असतं.

तरीही अर्ज केला तर साधारण तीन प्रकारची उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर: रजा मंजूर, शेवटचा दिवस तोच. ताईला जूनचा पूर्ण पगार 15,600 मिळेल आणि उरलेल्या 8 रजांचे 4,800, एकूण 20,400 रुपये.

दुसरं उत्तर जास्त ऐकू येतं. रजा घ्या, पण तेवढे दिवस पुढे भरून द्या. म्हणजे शेवटचा दिवस 30 जूनऐवजी सहा कामाचे दिवस पुढे, जुलैच्या पहिल्या आठवड्यात जातो. वरवर हे सोयीचं वाटतं. पण ताईला 1 जुलैला नव्या ठिकाणी हजर व्हायचं आहे! म्हणून ‘रजा मंजूर’ एवढं ऐकून घरी निघू नका. शेवटची तारीख कोणती धरली ते तिथल्या तिथे विचारा.

तिसरं उत्तर म्हणजे सरळ नकार. नकार मिळाला आणि ताई तरीही लग्नाला गेली, तर काय होतं? सहा दिवस बिनपगारी धरले जातील. जूनचा पगार 20 दिवसांचा, 12,000. पण तिच्या 14 रजा तशाच शिल्लक राहिल्या, त्यांचे 8,400. बेरीज पुन्हा 20,400! मग नुकसान कुठे झालं? कंपनी म्हणते, नोटीस सहा दिवस कमी भरली, त्याचे 3,600 कापले. हातात येतात 16,800. शिवाय न सांगता गैरहजर राहिल्याचा शेरा बसला, तर काम सोडल्याचं पत्र आणि अनुभवाचा दाखला अडतो.

हा हिशेब नीट बघा, कारण त्यातून मागणी कशी करायची ते कळतं. रजा घेतली काय किंवा तिचे पैसे घेतले काय, रक्कम जवळपास तीच येते. खरं मोल शेवटच्या तारखेचं आहे. म्हणून पगारी रजेवरच अडून बसण्यापेक्षा ताईने म्हणावं, ‘सहा दिवस बिनपगारी धरा, पण 30 जून ही तारीख बदलू नका आणि नोटीसचे पैसे कापू नका.’ हे मान्य करणं सुपरवायझरलाही सोपं जातं. एक मात्र तपासून घ्या. काही ऑफिसं रजेचे पैसे फक्त मूळ पगारावर काढतात. तसं असेल तर रक्कम कमी येते आणि मग पगारी रजा घेणंच फायद्याचं ठरतं. पगाराच्या चिठ्ठीवर मूळ पगार वेगळा लिहिलेला असतो.

किरकोळ रजेची गोष्ट वेगळी आहे. तिचे पैसे सहसा मिळत नाहीत, काम सोडलं की ती बुडते. एक-दोन दिवसांचं काम असेल तर आधी तीच मागा.

अर्ज लेखीच द्या. सुपरवायझर ‘जा गं’ म्हणाला म्हणजे मंजुरी झाली असं नाही; हिशेब करणारा माणूस दुसराच असतो. ठेकेदारामार्फत कामावर असाल तर अर्जही ठेकेदाराकडे द्यायचा. ताईचा अर्ज असा असेल:

‘मी 1 जूनला राजीनामा दिला असून माझा शेवटचा दिवस 30 जून आहे. घरच्या लग्नासाठी मला जूनमधील सहा कामाचे दिवस रजा हवी आहे (इथे तारखा लिहाव्यात). माझ्या खात्यावर 14 रजा शिल्लक आहेत. पगारी रजा देता येत नसल्यास बिनपगारी द्यावी, पण शेवटचा दिवस 30 जूनच ठेवावा. जाण्यापूर्वी माझं काम मी सोबतच्या बाईला समजावून देईन. मंजुरी लेखी कळवावी.’

दोन प्रती काढा आणि एकीवर तारीख-सही घेऊन घरी ठेवा. सही देत नसतील तर अर्जाचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर टाका, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. लग्नाची तारीख आधीच ठरलेली असेल तर ती राजीनाम्याच्या पत्रातच लिहिलेली बरी. पंधरा दिवस आधी अर्ज दिला तर ‘ऐन वेळी सांगितलं’ असं म्हणायला जागा राहत नाही.

आजारपणाला इतकी अडचण येत नाही. दाखला असेल तर बहुतेक जण ती रजा मान्य करतात, फार तर तेवढे दिवस नोटीस वाढवतात. पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन दाखला घ्या. पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाचा भत्ता, साधारण मजुरीच्या 70 टक्के, ईएसआयकडून मिळतो. चार दिवसांनी बरं वाटल्यावर मागच्या तारखेचा दाखला मागायला गेलात, तर तिथेच गाडी अडते.

काही जणी म्हणतात, आमच्या 14 रजा नोटीसमधून वजा करा आणि लवकर सोडा. हेही होऊ शकतं, पण मालक हो म्हणाला तरच. आणि मग त्या रजांचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

शेवटच्या हिशेबाबद्दल एक सांगते. काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पैसे द्यावेत असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात ऑफिसं महिना-दीड महिना लावतात. हिशेबाचा कागद मागून घ्या आणि त्यात तीनच ओळी शोधा: किती दिवसांचा पगार, किती रजांचे पैसे, नोटीसपोटी किती कपात. मंजूर झालेल्या रजेचे दिवस कपातीत दिसले, तर सही करण्याआधी तो अर्ज आणि मंजुरी पुढे ठेवा. तरी ऐकलं नाही, तर तीच कागदं घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते.