शोधा आणि बदला : करारनाम्यातल्या शब्दबदलाचे अपघात

लांबलचक करारनामा सहसा कोऱ्या कागदावरून लिहिला जात नाही. जुन्या दस्ताची फाइल उघडायची, पक्षकारांची नावे व रकमा बदलायच्या आणि नवा मसुदा तयार करायचा, ही रीत वकिलांच्या कचेरीपासून इस्टेट एजंटच्या टेबलापर्यंत सर्वत्र आहे. करारात पक्षकारांना आणि मुख्य बाबींना सुरुवातीलाच एकेक ठरीव नाव दिलेले असते. ‘यापुढे ज्यांचा उल्लेख मालक असा केला आहे’ हे वाक्य त्यासाठीच असते. हे नाव पुढे दहा-वीस पानांत शेकडो वेळा येते. ते बदलण्यासाठी संगणकातील शोधा-आणि-बदला ही सोय वापरली जाते आणि `Replace All` हे बटण दाबले की सगळे बदल क्षणात होतात. अपघातही त्याच क्षणी होतो.

महाराष्ट्रात नेहमी घडणारे उदाहरण म्हणजे जुन्या भाडेकराराच्या मसुद्यावरून केलेला लीव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात तीन शब्द बदलायचे असतात : ‘मालक’च्या जागी ‘लायसन्सर’, ‘भाडेकरू’च्या जागी ‘लायसन्सी’ आणि ‘भाडे’च्या जागी ‘लायसन्स फी’. काम सोपे दिसते. पण संगणकाला शब्द कळत नाही, फक्त अक्षरांची ओळ कळते. ती ओळ मोठ्या शब्दाच्या पोटात असली तरी तो ती बदलतो.

पहिली चूक क्रमाची. ‘भाडे’ हा शब्द आधी बदलला, तर ‘भाडेकरू’चा ‘लायसन्स फीकरू’ होतो. मग ‘भाडेकरू’ शोधायला जावे तर तो एकदाही सापडत नाही, कारण तो उरलेलाच नसतो. सोसायटीची जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली असल्याचा उल्लेख असेल, तर तिथे ‘लायसन्स फीपट्ट्याने’ असे छापले जाते. ‘मालकीहक्क’ या शब्दाचा ‘लायसन्सरीहक्क’ होतो. असे शब्द हास्यास्पद असतात आणि त्यामुळेच फारसे धोक्याचे नसतात. मसुदा एकदा डोळ्यांखालून घातला तरी ते खटकतात. अमेरिकेत २०१२ साली ‘वॉर अँड पीस’च्या एका ई-आवृत्तीत `Kindle` या यंत्राचे नाव काढून `Nook` हे प्रतिस्पर्धी यंत्राचे नाव घालताना `kindled` या साध्या क्रियापदाचे `Nookd` झाले. ते वाचकाने पकडले, कारण तो शब्दच अस्तित्वात नव्हता.

खरा धोका बदलल्यावरही शुद्ध दिसणाऱ्या वाक्यांचा आहे. भाडेकरारात एक कलम असते : ‘आवारात उभ्या केलेल्या वाहनाच्या नुकसानीची जबाबदारी वाहनाच्या मालकाची राहील.’ इथला मालक म्हणजे गाडीचा मालक, जागेचा नव्हे. बदलानंतर हेच वाक्य ‘जबाबदारी वाहनाच्या लायसन्सराची राहील’ असे होते. व्याकरण बिनचूक, शब्द ओळखीचा. पण भाडेकऱ्याच्या गाडीला पोचा आला तर भरपाई घरमालकाकडे मागायला जागा निर्माण झाली. ‘सदर सदनिका मूळ मालकाकडून खरेदी केली’ या वाक्यात पूर्वीचा विक्रेता असाच लायसन्सर बनतो. कायद्याचे नावही सुटत नाही. ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ याचा ‘महाराष्ट्र लायसन्स फी नियंत्रण अधिनियम, १९९९’ होतो. असा कायदा नाही. तरी नाव इतके खरे वाटते की शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली आणि घाईत वाचणारा माणूस दोघेही पुढे जातात.

याच्या उलट, जे बदलायला हवे ते न बदलणे हा मराठीतला खास अपघात आहे. मराठी शब्द विभक्ती घेताना आतून बदलतो. ‘भाडे’ शोधल्यावर ‘भाड्याने’, ‘भाड्यापोटी’, ‘भाडी’ ही रूपे सापडत नाहीत. त्यामुळे करारात एका पानावर ‘लायसन्स फी’ आणि दुसऱ्यावर ‘जागा भाड्याने दिली आहे’ असे दोन्ही राहते. हा दोष केवळ दिसण्याचा नाही. भाडेपट्टा आणि लायसन्स यांत कायद्याने मोठा फरक आहे आणि दस्ताला कोणते नाव दिले यापेक्षा पक्षकारांचा हेतू काय होता हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालच्या असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या निकालात म्हटले आहे. जागेच्या ताब्यावरून वाद झाला, तर मागे राहिलेला ‘भाड्याने’ हा शब्द समोरच्या वकिलाच्या हाती आयता मुद्दा देतो.

‘फक्त पूर्ण शब्द’ हा पर्याय निवडावा, असा सल्ला इंग्रजी मसुद्यासाठी ठीक आहे. मराठीत तो अर्धवटच कामी येतो. त्याने ‘मालकी’ वाचते. पण ‘मालकाने’, ‘मालकास’, ‘मालकांचे’ ही बदलायची रूपेही वगळली जातात. लिंगाचा प्रश्न वेगळाच. ‘भाडे’ नपुंसकलिंगी, ‘फी’ स्त्रीलिंगी. म्हणून ‘ठरलेले भाडे’चे ‘ठरलेले लायसन्स फी’ होते. अर्थ बिघडत नाही, पण मसुदा बदलानंतर कोणी वाचला नाही हे त्यावरून लगेच कळते.

आणखी एक अपघात पक्षांची अदलाबदल करताना होतो. जुन्या मसुद्यात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांच्या जागा उलट करायच्या असल्या आणि आधी पहिल्याचा दुसरा केला, तर सगळीकडे ‘लिहून घेणार’च उरतो. आता त्याचा उलटा बदल केला की सगळेच ‘लिहून देणार’ होतात. मूळचे कोणते आणि नवे कोणते, हे सांगणारी खूण पुसली गेलेली असते. यासाठी आधी एका नावाच्या जागी करारात कुठेही नसलेली खूण, उदाहरणार्थ `@@1`, घालावी, मग दुसरे नाव बदलावे आणि शेवटी त्या खुणेच्या जागी हवे ते नाव आणावे.

हे टाळण्याची पद्धत अवघड नाही. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी. लांब शब्द आधी आणि आखूड शब्द नंतर घ्यावा : प्रथम ‘पोटभाडेकरू’, मग ‘भाडेकरू’, शेवटी ‘भाडे’. सगळे एकदम बदलण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी थांबून हो किंवा नाही ठरवावे. वीस पानांच्या करारालाही यासाठी फार वेळ लागत नाही. कायद्यांची नावे, मालमत्तेचे वर्णन आणि मागील व्यवहारांची हकिकत या भागांत अधिक सावध असावे, कारण तिथला जुना शब्द बहुधा योग्यच असतो. त्यानंतर ‘भाड’ आणि ‘मालक’ ही मुळे पुन्हा शोधून उरलेली रूपे पाहावीत. शेवटी जुनी व नवी फाइल संगणकाकडून शेजारीशेजारी ताडून घ्यावी. बदललेली प्रत्येक जागा त्यात रंगीत दिसते.

सही आणि नोंदणी झाल्यावर हीच दुरुस्ती महाग पडते. दोन्ही पक्ष राजी असतील, तर चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करून तो पुन्हा नोंदवावा लागतो. एक पक्ष अडून बसला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३च्या कलम २६ खाली न्यायालयात जावे लागते आणि दोघांचा खरा हेतू त्या शब्दांत उतरलेला नाही, हे सिद्ध करावे लागते. म्हणून सही करणाऱ्यानेही मसुदा जुन्या कराराशी ताडून पाहिला आहे का, हे सही करण्यापूर्वीच विचारावे.