एक्स्प्लेनर: अहवालाचा परिच्छेद स्लाइडवर आणताना आकडे कसे जपाल?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) बालपोषणाचा परिच्छेद स्लाइडवर घ्यायचा आहे. 'मुलांचे पोषण सुधारले' एवढेच लिहिले, तर निम्मा अर्थ गळतो. त्यामुळे प्रत्येक आकड्यासोबत कोण, काय आणि कधी हे ठेवा:

• खुंटलेली वाढ (५ वर्षांखालील मुले): ३८.४ टक्क्यांवरून ३५.५ टक्के
• रक्तक्षय (६ ते ५९ महिन्यांची मुले): ५८.६ टक्क्यांवरून ६७.१ टक्के
• तुलना २०१५-१६ शी. आकडे संपूर्ण देशाचे

वाढ खुंटण्यातली घट '२.९ टक्के' लिहू नका. ती २.९ टक्के बिंदूंची आहे. टक्क्यांत मोजल्यास सुमारे साडेसात.

शेवटी मूळ परिच्छेद झाकून फक्त मुद्दे वाचा. 'कोणाचे?' किंवा 'कधीच्या तुलनेत?' असा प्रश्न पडला, तर काहीतरी सुटले आहे.