टायरची कोरी कड काय सांगते?

मोटारसायकलच्या टायरचा छेद गोलाकार असतो. गाडी सरळ चालते तेव्हा टायरचा मधला पट्टा रस्त्याला टेकतो. वळणावर ती झुकली की टेकण्याची जागा कडेकडे सरकते. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जायचे तर गाडीला २६ अंशांहून थोडे अधिक झुकावे लागते. एवढ्याने बहुतेक टायरांची अगदी बाहेरची कड रस्त्याला लागत नाही, ती कोरीच राहते.

ही कड पाहून चालवणाऱ्याची हिंमत मोजण्याची हौस अनेकांना असते. ते माप फसवे आहे. त्याच वळणावर, त्याच वेगाने जाताना अंग आतल्या बाजूला झोकणाऱ्याची गाडी कमी झुकते, म्हणून त्याची कोरी पट्टी रुंद राहते. मधोमध सपाट झिजलेला टायर मात्र हमरस्त्यावरच्या सरळ धावेची खूण असतो. असा टायर वळणात आधी अडून बसतो, मग सपाटीच्या काठावरून एकदम कलंडतो.

थंड रबर कडक असते, त्यामुळे पकड कमी मिळते. नागमोडी चालवण्यापेक्षा सरळ रस्त्यावर बेताने ब्रेक लावत आणि वेग वाढवत गेल्यास टायर दबतो, वाकतो आणि लवकर तापतो.