रुपयाचे नव्याण्णव पैसे

दरवर्षी केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात रुपयाचं एक गोल चित्र येतं. ‘रुपया कुठून येतो’ आणि ‘रुपया कुठे जातो’ असे दोन वृत्तालेख शेजारी-शेजारी छापलेले असतात. शाळेत शिकलेला वृत्तालेख म्हणजेच पाय चार्ट. प्रत्येक पाकळीवर नाव आणि आकडा असतो. अनेकजण हे चित्र कापून ठेवतात, मोबाइलवर त्याचा फोटो काढतात, स्पर्धा परीक्षेची मुलं त्यावरून टिपणं काढतात. पण चित्रातून दोन वर्षांची तुलना करता येत नाही. त्यासाठी आकडे तक्त्यात उतरवावे लागतात: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात पैसे, खाली बेरीज. काम दहा मिनिटांचं आहे, तरी त्यात चुका होतात, आणि बऱ्याचशा चुका बेरजेच्या ताळ्यात सापडतात. काही मात्र ताळ्यालाही चकवतात.

उदाहरणासाठी १ फेब्रुवारी २०२४ रोजी मांडलेल्या अंतरिम अर्थसंकल्पातला ‘रुपया कुठून येतो’ हा वृत्तालेख घेऊ. त्यात आठ पाकळ्या आहेत. उतरवताना घड्याळाच्या बाराच्या जागेपासून सुरुवात करून काटे फिरतात त्या दिशेने एकेक पाकळी घ्यावी. मोठी आधी, छोटी नंतर असं डोळ्यांनी उड्या मारत गेलं की एखादी पाकळी दोनदा येते किंवा सुटते. सगळं उतरवून झाल्यावर हवं तर उतरत्या क्रमाने लावावं. तसा लावलेला तक्ता असा दिसतो:

| जमेची बाब | रुपयातले पैसे |
|---|---|
| कर्ज व इतर दायित्वे | २८ |
| प्राप्तिकर | १९ |
| जीएसटी व इतर कर | १८ |
| कंपनी कर | १७ |
| करेतर महसूल | ७ |
| केंद्रीय उत्पादन शुल्क | ५ |
| सीमाशुल्क | ४ |
| कर्जेतर भांडवली जमा | १ |
| बेरीज | ९९ |

बेरीज नव्याण्णव आली. इथे पहिला विचार येतो तो आपलंच काहीतरी चुकल्याचा, आणि पुन्हा चित्राकडे वळणं योग्यच आहे. पण चित्रातले आकडे हेच आहेत. हरवलेला पैसा पूर्णांकात गेला आहे. त्या वर्षीची एकूण जमा, राज्यांना द्यायचा करांचा वाटा धरून, साठ लाख कोटी रुपयांच्या आसपास होती. प्राप्तिकराचा अंदाज ११.५६ लाख कोटी, म्हणजे रुपयातले साधारण १९.३ पैसे, छापले १९. कंपनी कर १७.४ पैशांच्या जवळपास, छापले १७. उत्पादन शुल्क ५.३, छापले ५. उलट करेतर महसूल ६.७ होता, तो वर जाऊन ७ झाला. वर गेलेल्या अपूर्णांकांपेक्षा खाली आलेले अपूर्णांक जास्त भरले आणि बेरीज एकाने कमी पडली.

म्हणून आकडे पूर्णांकात असतील तर ९९, १०० आणि १०१ या तिन्ही बेरजा खऱ्या असू शकतात. यापलीकडे गेलं की आधी उतरवण्यातली चूक शोधावी. फरक किती आहे यावरून चूक कुठली तेही कळतं. या तक्त्याची बेरीज ९४ आली असती तर पाच कमी, म्हणजे उत्पादन शुल्काची ओळ सुटली. ११८ आली असती तर प्राप्तिकर दोनदा लिहिला गेला. मराठी वर्तमानपत्रातल्या बारीक छपाईत १ आणि ९ यांची गल्लत होते, तेव्हा फरक आठचा पडतो. सीमाशुल्काशेजारची एक पैशाची पाकळी नऊ वाचली, तर बेरीज १०७ येते.

खरी अडचण वेगळीच आहे. एक पैशाची ती बारीक पाकळी, कर्जेतर भांडवली जमा, साफ सुटली तर बेरीज ९८ येते. एक पैसा पूर्णांकातला आणि एक आपल्या हातून गेलेला. नव्याण्णवची सवय झालेला माणूस अठ्ठ्याण्णवही चालवून घेईल. म्हणून बेरजेआधी पाकळ्या मोजाव्यात आणि मग तक्त्याच्या ओळी मोजाव्यात. तक्ता संगणकावर असेल तर दोन्ही कामं दोन सूत्रांत होतात:

```
=SUM(B2:B9)
=COUNT(B2:B9)
```

दुसऱ्या सूत्राचं उत्तर ८ यायला हवं. ते ७ आलं आणि ओळी आठच दिसत असल्या, तर एखाद्या चौकटीत आकड्यापुढे ‘पैसे’ किंवा आणखी काही अक्षर टाइप झालेलं असतं. मग संगणक ती चौकट मजकूर समजतो आणि बेरजेत धरत नाही. म्हणून एकक वरच्या मथळ्यात एकदाच लिहावं, खाली फक्त अंक.

दुसरी चूक ताळ्याला कधीच सापडत नाही: दोन आकड्यांची अदलाबदल. जीएसटीचे १८ कंपनी कराला आणि कंपनी कराचे १७ जीएसटीला लावले, तरी बेरीज ९९च. डोळ्यांनीही हे कळत नाही, कारण वर्तुळात एक टक्का म्हणजे ३.६ अंश, आणि तेवढा फरक नजरेला दिसत नाही. पाकळ्या तिरक्या, जाड चकतीवर काढल्या असतील तर पुढची पाकळी उगाच मोठी दिसते, मागची दबते. तिथे आकारावर विसंबूच नये. आकडा पाकळीपर्यंत नेणारी बारीक रेघ असेल तर चित्र मोठं करून तिच्यावरून बोट फिरवावं. नावं बाजूला रंगांच्या यादीत असतील तर दोन जवळचे रंग, दोन निळे किंवा दोन हिरवे, पुन्हा एकदा जुळवून पाहावेत. मोठ्या पाकळ्यांना आकाराचा ताळा उपयोगी पडतो: २८ टक्के म्हणजे १०१ अंशांच्या आसपास, काटकोनाहून थोडं जास्त. ती काटकोनापेक्षा लहान दिसली तर आकडा तरी चुकीचा वाचला किंवा चित्र तरी तिरकं आहे.

एखादा आकडा फोटोत पुसट असला तर बरेचजण शंभरातून बाकीचे वजा करून तो भरतात. हा मोह टाळावा. या चित्रातला उत्पादन शुल्काचा आकडा दिसत नसता आणि आपण शंभरातून ९४ वजा केले असते, तर ६ लिहिले असते. छापलेला आकडा ५ आहे. वजाबाकीने काढावाच लागला तर शेजारी ‘काढलेला’ असं लिहावं, म्हणजे पुढे वाचणारा त्यावर किती भिस्त ठेवायची ते ठरवेल.

तक्ता तयार झाल्यावर पैशांचे कोटी करण्याची घाई होते. तिथे शंभर टक्के म्हणजे नेमकं किती, हे आधी पाहावं. त्या अंतरिम अर्थसंकल्पाचा एकूण खर्च ४७.६६ लाख कोटी होता आणि बातम्यांत तोच आकडा गाजला. त्याचे १९ टक्के काढले तर प्राप्तिकर नऊ लाख कोटींच्या घरात येतो. अंदाज होता ११.५६ लाख कोटींचा. वृत्तालेखातल्या रुपयात राज्यांचा १२.२० लाख कोटींचा वाटाही धरलेला असतो, म्हणून पूर्ण वर्तुळ साठ लाख कोटींच्या जवळचं आहे.

बेरीज ९९ आली की शंभर करण्यासाठी कर्जाचे २८ चे २९ करू नयेत, आणि ‘इतर १’ अशी नववी ओळही घालू नये. चित्रात होतं तेच लिहावं, बेरीज ९९ ठेवावी आणि खाली एक ओळ द्यावी: मूळ आकडे पूर्णांकात असल्याने बेरीज १०० भरत नाही.