नव्या सेल्समनला पहिल्या महिन्यात रुपयांचं टार्गेट देऊ नका

मीरा रोड पूर्वेला पूनम सागरमध्ये इमारतींच्या तळमजल्यावर दुकानं आहेत: किराणा, डेअरी, मेडिकल, फरसाण. नमकीन आणि बिस्किटांचा वितरक अशा भागाची ‘बीट’ आखतो आणि ती एका सेल्समनकडे सोपवतो. आठवड्याच्या ठरलेल्या वारी त्यानं बीटवरच्या प्रत्येक काउंटरवर जायचं आणि ऑर्डर घ्यायची. समजा, बीटवर चाळीस काउंटर आहेत आणि जुना सेल्समन सोडून जातोय. नवा मुलगा सोमवारी रुजू होतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच आठवड्यात त्याच्या हातात महिन्याचा रुपयांचा आकडा पडतो. बिघाड तिथूनच सुरू होतो.

आकडा गाठायचा म्हणून तो ओळखीच्या, मोठ्या दुकानात माल ढकलतो. जिथे महिन्याला दोन पेट्या खपतात तिथे स्कीमचं आमिष दाखवून पाच उतरवतो. पहिला महिना छान दिसतो. दुसऱ्या महिन्यात तेच दुकान म्हणतं, ‘अजून माल पडलाय.’ तिसऱ्यात तारीख जवळ आलेली पाकिटं परत घ्या म्हणून फोन येतो आणि त्या मालाचे पैसेही अडकतात. म्हणून पहिल्या तीस दिवसांत रुपयांचा आकडा देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवसांत शिकायचं काय? आधी मालाचा हिशेब. पाकिटाची एमआरपी ५० रुपये आणि दुकानदाराला ते ४२ला पडतं, तर त्याला ८ रुपये सुटतात. हे एमआरपीवर १६ टक्के होतात, खरेदीवर १९. दुकानदार एका पद्धतीनं मोजतो आणि नवा मुलगा दुसऱ्या, मग दोघांची बोलणी जुळत नाहीत. ‘बारावर एक’ अशी स्कीम असेल तर बारा पाकिटांचे ५०४ रुपये तेरा पाकिटांवर पसरतात, म्हणजे पाकीट ३८ रुपये ७७ पैशांना पडतं. हे त्याला काउंटरवर उभं राहून तोंडी सांगता आलं पाहिजे.

मग त्या वस्तीचा माल. मीरा-भाईंदरमध्ये जैन कुटुंबांची वस्ती मोठी आहे. पाकिटावरचं हिरवं चिन्ह शाकाहारी इतकंच सांगतं. कांदा-लसूण आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पाकिटामागची घटकांची यादी वाचावी लागते. चातुर्मासात दुकानदार हाच प्रश्न विचारतो. उत्तर चुकलं तर त्या काउंटरवर त्याच्या पुढच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता जुन्यासोबतच्या फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत जुना बोलतो आणि नवा वहीत लिहितो: दुकानदार कोण, ऑर्डर कोण देतो, पैसे कधी देतो, दुपारी दुकान बंद असतं का. पुढच्या दोन फेऱ्यांत नवा बोलतो आणि जुना चार पावलं मागे उभा राहतो. हे मागे राहणं जुन्याला जमत नाही. दुकानदार सवयीनं त्याच्याकडेच बघतो आणि तो उत्तर देऊन मोकळा होतो. मालकानं एखाद्या फेरीला स्वतः सोबत जाऊन हे बघावं. आणखी एक खोट अशी की जुना फक्त गोड बोलणारी दुकानं दाखवतो. त्यामुळे चाळीसच्या चाळीस काउंटरची यादी आधी काढून द्यावी आणि प्रत्येकापुढे भेटीची तारीख मागावी.

याच फेऱ्यांत जुन्या सेल्समनसमोर प्रत्येक दुकानाची उधारी लिहून दुकानदाराची सही घ्यावी. हे राहिलं तर महिन्याभरानं ‘ते पैसे तर तुमचा आधीचा माणूस घेऊन गेला’ हे वाक्य नव्याला ऐकावं लागतं आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

दुसऱ्या महिन्यात टार्गेट द्यावं, पण बिलांच्या संख्येचं. चाळीसपैकी आठवड्याला पंधरा काउंटरवर बिल फाटलं तर सुरुवात ठीक आहे. महिनाअखेर बावीसपर्यंत जावं. जोडीला बिलात किती प्रकारचा माल आहे तेही बघावं. सगळी बिलं एकाच खपाऊ शेवेची असतील तर मुलगा विकत नाहीये, फक्त मागणी लिहून आणतोय. साठाव्या दिवसानंतर रुपयांचा आकडा यावा. तोही बीटच्या गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि दिवाळीचा महिना वगळून. दिवाळीचा खप धरून काढलेली सरासरी फेब्रुवारीत कुणालाच गाठता येत नाही.

हे आकडे किराणा-फरसाणाच्या बीटचे आहेत. जिथे एक व्यवहार ठरायलाच चार-सहा महिने लागतात, उदाहरणार्थ कारखान्याचं यंत्र, तिथे नव्वद दिवसांत विक्री मोजूच नये. भेटी आणि दिलेली कोटेशनं मोजावीत.

नव्वदाव्या दिवशी मालकांनी एकूण विक्रीच्या आधी एक रकाना उघडावा: नव्या मुलानं स्वतः मिळवलेल्या किती दुकानांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऑर्डर दिली. तो रकाना भरलेला असेल, तर विक्री थोडी कमी असली तरी त्याला कायम करा.